मदत हवी आहे: प्रेक्षक आवाजामुळे जातात की विषयामुळे, हे कसे ओळखावे?

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळांवरील आमच्या यूट्यूब मालिकेचे भाग `ffmpeg` च्या `ebur128` ने तपासले असता प्रत्येक भागाच्या आवाजाची एकूण पातळी -16 LUFS च्या आसपास, म्हणजे वरकरणी समान आढळली. मात्र तीन-तीन सेकंदांचे मोजमाप पाहिल्यावर निवेदन -14 वर आणि चुलवाणाजवळची मुलाखत -23 वर दिसते. हा फरक एकूण आकड्यात दडतो, आणि यूट्यूबचे नेहमीचे समतोलन मोठा आवाज उतरवते, हळू आवाज चढवत नाही. प्रेक्षक टिकण्याचा आलेख मुलाखतीपाशीच घसरतो, परंतु तेथेच विषयही बदलतो. प्रसिद्ध भागाची फाइल बदलता येत नसल्याने पुढील काही भागांत मुलाखत निवेदनाच्या पातळीवर आणण्याचा विचार आहे. तथापि उपलब्ध जुन्या आलेखांवरूनच ही दोन कारणे वेगळी करण्याची काही पद्धत आहे का?