हाताचा एक्स-रे: आमवात की झीज?

> "आई कापूस वेचते, परभणीला एक्स-रे काढला. रिपोर्टात 'सांध्यातली गॅप कमी' एवढंच लिहिलंय. आमवात म्हणायचा की झीज?"

नुसत्या गॅपवरून ठरत नाही. ती दोन्हींत कमी होते. आधी कोणता सांधा, ते बघा. नखाजवळचा सांधा आणि अंगठ्याचं मूळ धरलं असेल, गॅप एकाच बाजूला दबली असेल, कडेला हाडाची चोच वाढली असेल, तर बहुतेक झीजच.

आमवात सहसा मनगट आणि बोटांच्या मुळांचे सांधे धरतो. नखाजवळचे बहुधा सोडतो. त्यात गॅप सगळीकडून सारखी घटते. फिल्म उजेडावर धरून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी हाडाचं टोक बघा. कडेची पांढरी रेघ अखंड हवी. उंदरानं कुरतडल्यासारखी ती तुटली असेल, तर ते इरोजन. कडेलाच का? तिथं हाडावर कूर्चेची गादी नसते, सांध्याचं सुजलेलं अस्तर थेट हाड खातं.

इरोजन दिसलं नाही म्हणून आमवात नाही, असं मात्र धरू नका. सुरुवातीच्या महिन्यांत फिल्म साफ येऊ शकते. सकाळी बोटं तासभर आखडत असतील तर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या करून संधिवाततज्ज्ञांना दाखवा. पायांचाही एक्स-रे घ्या. करंगळीच्या मुळाशी इरोजन कधीकधी हातांआधी दिसतं.