मध्यंतराच्या बटणात टॉगल टाकणाऱ्यांनो, जरा इकडे या

काणकोणकर (मूळ पोस्ट): जत्रेतलं नाटक लाइव्ह करणाऱ्यांनी स्ट्रीम डेकवर, म्हणजे लॅपटॉपला जोडलेल्या बटणांच्या डब्यावर, माइकसाठी एकच टॉगल बटण ठेवावं. एकदा दाबलं की बंद, परत दाबलं की चालू. दोन-दोन बटणं म्हणजे हौस. 'मध्यंतर' बटणातही स्क्रीनवरचं दृश्य बदलणाऱ्या सीनसोबत तेच टॉगल टाका, काम फत्ते.

फोंडेकर: काम नाही, अब्रू फत्ते झाली आमची. आमच्या 'मध्यंतर' बटणात हेच होतं. पडदा पडायच्या जरा आधी निवेदकाला खोकल्याची उबळ आली, म्हणून डेकवरच्या पोराने त्याचा माइक हाताने बंद केला. मग पडदा पडला आणि त्याने सवयीने 'मध्यंतर' दाबलं. टॉगल बिचारं उलटं करण्यापलीकडे काय जाणतं? बंद असलेला माइक चालू झाला. स्क्रीनवर देवाचा फोटो आणि मागे निवेदक राजाचं काम करणाऱ्याच्या पाठांतराची सालटी काढतोय. यूट्यूबवर सगळं काही सेकंद उशिरा दिसतं, त्यामुळे कॉमेंट वाचून कळेपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

लाइव्ह करायचं सॉफ्टवेअर ओबीएस, त्याच्या Hotkeys मध्ये माइकखाली Mute आणि Unmute अशा दोन वेगळ्या ओळी असतात. दोन्हींना एकच की दिली की टॉगल होतं. आम्ही आता Mute ला F13 आणि Unmute ला F14 दिलंय. साध्या की-बोर्डवर या कीज नसतातच, त्यामुळे टाइप करताना चुकून लागत नाहीत. 'मध्यंतर'मध्ये मल्टी अॅक्शन: आधी F13, मग सीन. माइक आधीच बंद असेल तर बंदच राहतो. क्रमही महत्त्वाचा, कारण सीन फेड होत असताना माइक चालूच असतो आणि एखादा शब्द तेवढ्यातही निसटतो.

काणकोणकर: पोराला शिकवलं नाही, आणि दोष बटणाला? डेकला ओबीएसशी जोडणाऱ्या प्लगइनचं टॉगल माइक बंद असला की बटणावरचं चित्र बदलून दाखवतं. तुमच्या F13 ला माइक चालू की बंद, काही कळतं का? बघून दाबायचं, एवढंच.

साखळीची ताई: चित्राचं म्हणणं खरं आहे. हॉटकी एकतर्फी असते, की पाठवली आणि विसरली. प्लगइन ओबीएसशी बोलून खरी अवस्था विचारतो. म्हणून मी प्लगइनचं बटण डेकवर ठेवते, पण फक्त बघायला. काम F13-F14 कडून. आणि "बघून दाबा" म्हणणाऱ्यांनी मंडपात दिवे गेल्यावर, नजर रंगमंचावर ठेवून बघून दाखवावं.

दोघांनी न सांगितलेली गोष्ट: माइक Settings मधल्या Audio त Mic/Aux म्हणूनही लावलेला असतो आणि कुणीतरी तोच सीनमध्ये सोर्स म्हणून परत टाकतो. मग बटण एकाला बंद करतं, दुसरा खुशाल चालू. मिक्सरमध्ये एकाच आवाजावर दोन पट्ट्या नाचताना दिसल्या तर समजा हेच झालंय.

वास्कोकर: माइकचं राहू द्या. सप्ताहाचं भजन दाखवताना मी सीनचं बटण दाबतो, डेकवर चित्र बदलतं, पण लोकांना जुनाच कॅमेरा दिसतो. डेक खराब आहे का?

साखळीची ताई: स्टुडिओ मोड चालू असेल. तिथे सीन आधी प्रिव्ह्यूत जातो, Transition दाबल्याशिवाय बाहेर पडत नाही. एकट्याने काम करत असाल तर स्टुडिओ मोड बंदच ठेवा.

म्हापशेकर: तुमचा हा सगळा थाट बघून हसू येतं. जुन्या मोबाइलवर डेकचं अॅप टाका. बटणांच्या डब्याला एवढे पैसे कशाला?

फोंडेकर: जत्रेत नेट कुठून आणता? आमच्याकडे हॉटस्पॉटचा मोबाइल एका कमिटीवाल्याच्या खिशात असतो. तो प्रसाद घ्यायला देवळाच्या पलीकडे गेला की लॅपटॉप आणि तुमचा अॅपवाला मोबाइल दोघांचंही नेटवर्क जातं. स्ट्रीम तर तुटतंच, वर मोबाइलवरची बटणंही मरतात. यूएसबीच्या डब्याला याची पर्वा नाही, रेकॉर्डिंगसाठी सीन तरी बदलत राहतात.

म्हापशेकर: मग कमिटीवाल्याला बांधून ठेवा! राउटर घ्या छोटासा. पणजीत मी कित्येक कार्यक्रम मोबाइलवर काढलेत.

फोंडेकर: पणजीत एसी हॉल आणि वायफाय. एकदा देवळाच्या अंगणात या, मग बोला.

साखळीची ताई: राउटरने नेटवर्कचा प्रश्न सुटेल, हे मान्य. पण काचेवर बोटाला कड लागत नाही, अंधारात कुठलं बटण कुठे ते कळत नाही. मला तरी डबाच लागतो.

काणकोणकर: अॅप उघडायच्या बटणांबद्दल कुणीच बोललं नाही. मी गाण्यांचं अॅप बटणावर ठेवलंय. ते दाबलं की डेकवरची बाकीची बटणंच बदलतात, म्यूटही गायब. हा बग नाही तर काय?

साखळीची ताई: त्या अॅपला तुम्ही बटणांचं वेगळं प्रोफाइल जोडलंय. ते अॅप पुढे आलं की डेक आपोआप त्या प्रोफाइलवर जातो. जोडणी काढा, नाहीतर त्या प्रोफाइलमध्येही म्यूट त्याच कोपऱ्यात ठेवा.

काणकोणकर: बरं, तिथे दोन्ही बटणं ठेवतो. समाधान झालं? पण मध्यंतरात टॉगलच राहणार, माझा निवेदक खोकत नाही.

फोंडेकर: यंदाच्या जत्रेची लिंक टाका, मध्यंतराला आम्ही सगळे ऐकायला येतो.