तोंडी परीक्षेबद्दल मॅडमना मेल: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. सोमवारी प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा आहे आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न येतील हे मॅडमना मेलवर विचारायचंय. ‘काय विचारणार?’ असं थेट लिहिलं तर पेपर फोडायला सांगितल्यासारखं वाटेल, म्हणून आधी माझी तयारी मांडली आहे:

“आदरणीय मॅडम, पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन मी पुन्हा वाचलं. द्रावण साधारण ६० अंशांपर्यंत का तापवायचं आणि वेगळा सूचक का लागत नाही, हे सांगता येतं. सल्फ्युरिक आम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्याच्याशीही क्रिया करतं आणि ब्युरेटचं वाचन जास्त येतं, हेही समजलं. प्रश्न अशा कारणांवर असतील, की आमच्या जर्नलमधल्या वाचनांवरून गणितही करावं लागेल?”

माझी खरी भीती गणिताचीच आहे. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आल्यामुळे, म्हणजे आम्ल कमी पडल्यामुळे, माझं एक वाचन चुकलंय. ते मेलमध्ये आत्ताच कबूल करावं, की विचारल्यावर सांगावं? शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा तर वाटत नाही ना? मेल आज रात्रीच पाठवायचाय.