प्रतिसाद: अ‍ॅड्रिनल फटीग आणि मावशीचे काळे तळहात

> "सकाळी उठवत नाही. लाळेच्या तपासणीत अ‍ॅड्रिनल फटीग निघालं, गोळ्या सुरू करू का?"

थांबा जरा. हे नाव १९९८ मध्ये जेम्स विल्सन या कायरोप्रॅक्टरने काढलं. ताणाने मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी 'दमते' याला पुरावा नाही, म्हणून हॉर्मोनतज्ज्ञ हा आजार मानत नाहीत.

आमच्या शाहूपुरीतल्या मावशीलाही हेच सांगितलेलं. पण तिचं वजन घटत होतं, उभं राहिलं की भोवळ यायची, तांबड्या रश्श्यातही वरून मीठ घ्यायची आणि तळहाताच्या रेघा काळ्या पडलेल्या. सकाळी ८ चं रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे याच ग्रंथीचं हॉर्मोन, फारच कमी आलं. मग ग्रंथीला चालना देणाऱ्या एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पाहिलं, तरी वाढेना. एडिसन, म्हणजे ही ग्रंथीच निकामी होण्याचा आजार निघाला, तोही टीबीमुळे.

तुम्ही आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर बघून घ्या. घोरत असाल तर झोपेची तपासणीही. अशा काही गोळ्यांत न सांगता स्टिरॉइड सापडलंय, त्यानं खरी ग्रंथीच सुस्तावते.