मदत हवी आहे: निराधार योजनेच्या पोस्टसाठी कॅप्शन

आमच्या सेवा केंद्राच्या पानावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेची पोस्ट टाकायची आहे, सध्या फक्त विधवा महिलांसाठी. कच्चा मजकूर असा:

"अर्जाला येताना आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, तहसीलचा उत्पन्न दाखला, पतीचा मृत्यू दाखला आणि बँक पासबुक आणा. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही. आम्ही अर्ज भरून देतो. मंजुरीचा निर्णय तहसील पातळीवर होतो."

शेवटचं वाक्य जरा कोरडं वाटतंय, पण "पैसे मिळवून देऊ" असं मला लिहायचंच नाही. ते आपल्या हातातच नसतं.

खरी अडचण नावांची आहे. आधारवर माहेरचं आडनाव, रेशन कार्डावर सासरचं आणि मृत्यू दाखल्यात पतीच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. अर्ज भरला जातो, पण पुढे छाननीत त्रुटी निघते. बँकेचंही तसंच. खात्याला आधार जोडलंय असं बाई सांगतात, पण डीबीटीसाठी ते सीड झालेलं नसतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे साध्या भाषेत एका ओळीत कसं सांगाल? "नाव सगळीकडे सारखं आहे का, आधी बघा" हे वर घेऊ की शेवटी? आणि मंजुरीचं वाक्य न दुखावता कसं लिहू?