मदत हवी आहे: एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप, एकाची एसएसडी मध्येच रांगायला का लागते?

फ्रेम_बाय_फ्रेम

मंडळी, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. मी आणि माझ्या मित्राने एकाच मॉडेलचे लॅपटॉप घेतले. दोन्हींच्या खोक्यावर '५१२ जीबी पीसीआयई एनव्हीएमई एसएसडी' एवढंच छापलंय. बाहेरच्या एसएसडीवरून ११० जीबीचं फोल्डर कॉपी करायला घेतलं की माझ्याकडे सुरुवातीला ८०० एमबीचा वेग मिळतो. साधारण ३५ जीबी झाले की तो धाडकन ७०-८० वर येतो आणि शेवटपर्यंत तिथेच राहतो. तीच डिस्क, तीच केबल मित्राच्या लॅपटॉपला लावली की वेग ४०० च्या खाली जात नाही.

CrystalDiskMark मध्ये माझे आकडे झकास येतात, वाचन ३४००, लेखन १६००. दुकानदार तेच दाखवून म्हणतो, 'ड्राइव्ह ठणठणीत आहे.' सी ड्राइव्हवर १५० जीबी मोकळे आहेत. काय बघू?

खटपट्या

गरम होत असणार. नाहीतर डीरॅम नसलेली स्वस्तातली एसएसडी बसवली असेल. डीरॅम नसला की कॉपी करताना असंच होतं.

शीतल_ना

माझ्या लेकीच्या ६४ जीबीवाल्या लॅपटॉपचंही हेच! विंडोज अपडेट आलं की अर्धा दिवस जातो. त्यालाही नवी एसएसडी बसवता येईल का?

जुना_हार्डवेअरवाला

शीतलताई, ६४ जीबी म्हणजे बहुधा ईएमएमसी असेल. ती मदरबोर्डवरच डकवलेली असते, बदलता येत नाही. एखाद्या मॉडेलमध्ये एम.२ ची जागा रिकामी असते, मागचं झाकण उघडून बघा. तुमचं दुखणं मात्र वेगळं आहे.

फ्रेमभाऊ, कॉपी मंदावली की टास्क मॅनेजरमध्ये Performance उघडा. आतल्या डिस्कचा Active time १००% आणि बाहेरचीचा अगदी कमी दिसला, तर केबल आणि पोर्ट निर्दोष. मग CrystalDiskInfo मध्ये तापमान आणि ड्राइव्हचा मॉडेल नंबर बघा. मित्राच्या लॅपटॉपवरचा नंबरही घ्या.

फ्रेम_बाय_फ्रेम

आतली १००%, बाहेरची ८-१०%. तापमान ४८. आणि दोघांचे नंबर वेगळे निघाले! माझी शोधली तर क्यूएलसी, त्याची टीएलसी.

जुना_हार्डवेअरवाला

मग कोडं सुटलं. एकाच मॉडेलमध्ये ज्या वेळी जो ड्राइव्ह मिळेल तो बसवतात. खोक्यावरचा मजकूर दोन्हींना लागू पडतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

क्यूएलसीच्या एका पेशीत चार बिट बसवतात, म्हणजे विजेच्या दाबाच्या सोळा पायऱ्या नेमक्या साधाव्या लागतात. टीएलसीत आठच. सोळा साधायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह चलाखी करतो: आलेला डेटा आधी मोकळ्या पेशींमध्ये एकेकच बिट भरून पटापट उतरवून घेतो आणि सवडीने चार-चार करून दाबून बसवतो.

आता तुमचा हिशोब. १५० जीबी मोकळे म्हणजे एकेका बिटाने फार तर १५० भागिले ४, सुमारे ३७ जीबी मावणार. तुमचा वेग ३५ ला पडतो! त्यानंतर ड्राइव्हला आधीचा माल आवरणं आणि नवा उतरवणं एकाच वेळी करावं लागतं, म्हणून ७०-८०. CrystalDiskMark ची नेहमीची चाचणी १ जीबीच्या फाइलची असते, ती या खिडकीच्या आतच संपते. दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्याची चाचणी तुमच्या कामाची नाही.

खटपट्या, डीरॅम नसेलही. पण एनव्हीएमई ड्राइव्ह बहुधा लॅपटॉपच्या रॅममधला थोडा तुकडा वापरून ती उणीव भागवतात. त्याचा फटका विखुरलेल्या लहान फाइलींना बसतो. सलग मोठ्या फाइलींचा वेग ३५ जीबीनंतर पडणं त्याने होत नाही. आणि ४८ डिग्रीला कुठलाही ड्राइव्ह हात आखडत नाही.

खटपट्या

तापमानाचं मान्य. पण माझ्या डीरॅमवाल्या जुन्या ड्राइव्हवर असं कधीच झालं नाही, त्यामुळे डीरॅमचं अजून पटत नाही.

जुना_हार्डवेअरवाला

जुना म्हणजे टीएलसी किंवा एमएलसी असेल. नंबर टाका, बघू.

फ्रेम_बाय_फ्रेम

उपाय काय? ड्राइव्हच बदलू?

जुना_हार्डवेअरवाला

आधी फुकटचं करून बघा. २५-३० जीबीच्या टप्प्यांत कॉपी करा, मध्ये लॅपटॉप चालू ठेवून थोडा वेळ सोडा. जागा जितकी मोकळी, तितकी खिडकी मोठी. ५० जीबीच उरले तर ती १२ वर येईल. एडिटिंग थेट बाहेरच्या डिस्कवरून जमत असेल तर कॉपीची गरजच नाही.

बदलायचाच असेल तर टीएलसी घ्या, पण आधी लांबी मोजा. काही लॅपटॉपमध्ये ८० मिलिमीटरवाला बसत नाही, ४२ चाच लागतो.

फ्रेम_बाय_फ्रेम

टप्प्याटप्प्याने केलं, पहिले दोन टप्पे सुसाट गेले. तिसऱ्याला मात्र २० जीबीवरच वेग पडला, मध्ये चहा पिऊन आलो होतो तरी.

जुना_हार्डवेअरवाला

दोन टप्प्यांत मोकळी जागाही कमी झाली ना? शिवाय आवराआवर किती वेळात उरकायची हे ज्याचं त्याचं फर्मवेअर ठरवतं. तुमच्या ड्राइव्हचं मला सांगता येणार नाही. उद्या रात्रभर चालू ठेवा, स्लीप बंद करून, आणि सकाळी तोच टप्पा करून आकडा टाका.