मदत हवी आहे: कथेतले पाहुणे तासभर आधीच आले, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी. एक लघुकथा लिहिते आहे आणि नायिकेच्या स्वयंपाकघरात अडकले आहे. नव्या संसारातली मेघना पहिल्यांदाच सहा जणांना जेवायला बोलावते. वेळ आठची ठरलेली, पण सगळे एकाच गाडीतून सातलाच दारात! भरली वांगी मंद आचेवर अर्धवट शिजलेली, मसालेभाताचे तांदूळ धुऊन निथळत ठेवलेले, पुऱ्यांची कणीक अजून भिजवायचीच आहे. श्रीखंड तेवढं तयार.

ती घाबरून वांग्यांखालचा गॅस मोठा करते. मसाल्यातलं दाण्याचं कूट तळाला लागतं, वास बैठकीपर्यंत जातो आणि देठाकडचा भाग मात्र कच्चाच राहतो. हे माझ्या हातून झालंय, म्हणून हा प्रसंग कथेत हवाच.

आता सांगा, तळ न खरवडता वरची वांगी दुसऱ्या कढईत काढली आणि गरम पाणी घालून झाकण ठेवलं, तर भाजी खरंच वाचते की करपट चव राहतेच? आणि तोवर पाहुण्यांपुढे दहा मिनिटांत काय ठेवावं? कांदेपोहे दिले तर जेवणाआधीच पोट भरेल. ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांनी जरूर लिहा.